भुवया, केस आणि चेहरा : व्यक्तिचित्रांतील एका वादाचा आढावा

केसांना कलप अथवा मेंदी लावण्याची चाल जसजशी सार्वत्रिक होत गेली, तसतसा व्यक्तिचित्रांच्या रिटचिंगमध्ये एक जुनाच प्रश्न नव्याने पुढे आला. चित्रात केसांचा रंग एक आणि भुवयांचा दुसरा दिसत असेल, तर भुवया केसांच्या रंगावर न्याव्यात काय, न्यावयाच्या तर कितपत, आणि रंगास हात घातलाच तर त्याबरोबर त्यांचा आकारही चेहऱ्यास शोभेसा करण्याची मुभा कारागिराने घ्यावी काय, असा हा तिपेडी प्रश्न आहे. त्यावर स्टुडिओंतून, सौंदर्यप्रसाधकांच्या वर्गातून आणि चेहऱ्याच्या ओळखीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडून जी मते पुढे आली आहेत, त्यांची एकत्र मांडणी करून वाद आज कोठे येऊन थांबला आहे, एवढे सांगण्याचा येथे उद्देश आहे.

पूर्वपीठिका

भुवयांवर हात फिरविण्याची प्रथा संगणकाबरोबर आली असा समज आढळतो. परंतु निगेटिव्हवर पेन्सिल चालविण्याची कला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याइतकी जुनी आहे. म्यूनिक येथील फ्रान्त्स हान्फ्स्टेंगल याने 1855 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात रिटचिंग केलेले आणि न केलेले असे एकाच व्यक्तीचे चित्र मांडले होते, अशी नोंद छायाचित्रणाच्या इतिहासात आढळते. त्या काळी या हस्तक्षेपाला नुसत्या हौसेपलीकडचे कारणही होते. तत्कालीन काचा मुख्यतः निळ्या प्रकाशास ग्रहणशील असत, आणि पिवळ्या-तांबड्या रंगांची त्यांना जवळजवळ जाणीवच नसे. त्यामुळे सोनेरी केसांचा माणूस चित्रात काळसर केसांचा दिसे, तांबूस भुवया गडद उमटत आणि चेहऱ्यावरील वांगाचे डाग प्रत्यक्षाहून ठळक होत. हेर्मान फोगेल याने 1873 मध्ये रंजकद्रव्ये मिसळून ही ग्रहणशीलता हिरव्या-पिवळ्या प्रकाशापर्यंत वाढविण्याचा मार्ग दाखविला, आणि पुढे तांबड्यासह सर्व रंग टिपणारी फिल्म आल्यावर हा दोष बव्हंशी मिटला. म्हणजे प्रारंभीच्या रिटचिंगमागे काचेने केलेली चूक दुरुस्त करणे हाही एक रास्त हेतू होता, आणि तो पुरा झाल्यानंतरही शोभेचा हेतू मात्र शिल्लक राहिला.

त्या काळच्या कारागिराच्या हाताची मर्यादा येथे लक्षात घेण्याजोगी आहे. निगेटिव्हवर भुवई पारदर्शक असते आणि कपाळ काळे. त्यावर पेन्सिलीने ग्रॅफाइट चढविले म्हणजे प्रिंटवर तो भाग उजळतो. सबब भुवई बारीक करणे किंवा तिच्याखालचे विस्कळीत केस नाहीसे करणे हे पेन्सिलीचे, तुलनेने सोपे काम होते. भुवई दाट अथवा काळी करावयाची, तर निगेटिव्हवरील पापुद्रा धारदार चाकूने खरवडून काढावा लागे, आणि तेथे एकदा हात घसरला की ती निगेटिव्ह कायमची वाया जाई. म्हणून जाणते कारागीर ते काम प्रिंटवरच बारीक ब्रशाने उरकीत. काढणे सोपे आणि घालणे अवघड, असा हा व्यवहार होता. 1930 च्या सुमारास हॉलिवूडच्या नट्यांनी भुवया उपटून त्यांच्या जागी रेषा काढण्याची टूम रूढ केली, तेव्हा स्टुडिओच्या चित्रांतील त्या रेषेचा किती भाग प्रसाधनाचा आणि किती पेन्सिलीचा, हे आज चित्र पाहून सांगणे दुरापास्त आहे.

संगणकाने हा तोल मोडला. फोटोशॉप 1990 मध्ये बाजारात आले, 1994 च्या आवृत्तीत लेअरची सोय झाली, आणि 2000 च्या आवृत्तीत चित्राचा कोणताही भाग ओल्या मातीसारखा ढकलण्याची Liquify ही सोय आली. तेव्हापासून घालणे आणि काढणे सारखेच सोपे झाले, आणि अडचणीने जी मर्यादा आपोआप पाळली जात होती, ती विचाराने ठरविण्याची वेळ आली.

भुवईचे काम काय

चेहरा ओळखण्यात भुवईचा वाटा किती, या प्रश्नावर जाविद सद्र, इझ्झत जारूदी आणि पवन सिन्हा यांचा 2003 सालचा प्रयोग वारंवार उद्धृत होतो. त्यांनी प्रसिद्ध व्यक्तींच्या चित्रांतून एकदा डोळे आणि एकदा भुवया पुसून ती चित्रे लोकांना दाखविली. तेव्हा डोळे पुसलेल्या चेहऱ्यांपेक्षा भुवया पुसलेले चेहरे ओळखणे लोकांना अधिक कठीण गेले. भुवया त्वचेच्या मानाने गडद असतात, दुरूनही दिसतात, आणि वरून पडणाऱ्या उजेडात डोळे सावलीत गेले तरी त्या कपाळाच्या कडेवर स्पष्ट राहतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. रिचर्ड रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे केलेल्या अभ्यासांत, डोळे, ओठ, भुवया आणि भोवतालची त्वचा यांतील फरक वयाबरोबर मंदावतो, आणि तो फरक वाढविलेला चेहरा पाहणाऱ्यास तरुण भासतो, असे निष्कर्ष निघाले आहेत.

या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे प्रस्तुत वादातील एक महत्त्वाचा भेद हाती लागतो, आणि माझ्या मते त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. भुवईचा रंग आणि भुवईचा गडदपणा ही दोन निरनिराळी प्रकरणे आहेत. ओळख आणि वय यांचा संबंध प्रामुख्याने गडदपणाशी आणि आकाराशी आहे. तीच भुवई काळसर तपकिरी आहे की तांबूस तपकिरी, याचा त्या मानाने अल्प. छायाचित्र कृष्णधवल करून पाहिले असता ज्या बदलाचा मागमूस उरत नाही, तो बदल चेहऱ्याच्या ओळखीला फारसा धक्का लावीत नाही, ही कसोटी त्यामुळे उपयोगी पडते. स्टुडिओतील वादविवादात ‘रंग जुळविणे’ या एकाच नावाखाली दोन्ही कामे येतात, आणि पुष्कळसे मतभेद तेथूनच निघतात.

तीन पक्ष

पहिला पक्ष सौंदर्यप्रसाधनाच्या व्यवसायातून आलेला आहे. केस हे चेहऱ्याची चौकट होत, आणि भुवई त्या चौकटीशी सुसंगत असावी; केस फिके असतील तर भुवई त्यांहून एकदोन छटा गडद, आणि केस काळेभोर असतील तर किंचित फिकी, असा त्यांचा सर्वसाधारण नेम आहे. ज्याने आपल्या खुशीने केस रंगविले, त्याने आपल्या रूपाविषयी एक निर्णय घेतलेला असतो, आणि पार्लरमध्ये जे काम अर्धवट राहिले ते चित्रात पुरे केल्याने त्याच्याच इच्छेचा मान राखला जातो, हा त्यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही.

दुसरा पक्ष म्हणतो की भुवईचा खरा जोडीदार त्वचा आहे. केसांचा रंग महिन्यागणिक बदलेल, परंतु भुवई, बाहुली आणि त्वचा यांचे परस्पर प्रमाण हे त्या माणसाचे जन्मजात वळण असते, आणि ते हलविले की चेहरा ‘कोणाचा तरी’ दिसू लागतो. या पक्षाचे कारागीर भुवईतील तुटक जागा भरतात, भटके केस काढतात, परंतु रंगास शिवत नाहीत. आपल्याकडील बहुसंख्य लोकांच्या भुवया काळ्या, आणि गव्हाळ वा सावळ्या त्वचेवर त्या शोभतातही. त्यामुळे केस सोनेरी केलेल्या तरुणीची भुवई सोनेरी करू जावे तर चेहऱ्याचा वरचा भाग पुसट होतो, हा त्यांचा अनुभव खरा आहे.

तिसरा पक्ष दस्तऐवजी छायाचित्रांचा. वृत्तछायाचित्र आणि ओळखपत्र यांत असा कोणताही फेरफार त्यांना मान्य नाही, आणि पारपत्राच्या छायाचित्राबाबत नियमही तसाच आहे. जाहिरातींच्या क्षेत्रातील एका कायद्याने मात्र भुवईला हात लावलेला नाही. फ्रान्समध्ये 1 ऑक्टोबर 2017 पासून लागू झालेला हुकूम व्यापारी चित्रांतील मॉडेलची अंगकाठी बारीक वा जाड केल्यास तसा उल्लेख चित्रावर करण्याची सक्ती करतो. केसांचा रंग, नाक वा त्वचेवरील डाग यांतील फेरफार त्याच्या कक्षेबाहेर राहिले. 

एक उदाहरण तपशिलाने

मतांचा खल करण्यापेक्षा एक चित्र समोर घेऊन काम कसे चालते ते पाहिले, तर कोणत्या पक्षाचे म्हणणे कोठे टिकते हे कळेल. साठीच्या घरातील एक स्त्री. केसांना अनेक वर्षे मेंदी, त्यामुळे ते तांबूस तपकिरी. भुवया मूळच्या काळ्या, आता त्यांत बरेच पांढरे केस. आणि वर्षानुवर्षे थ्रेडिंग केल्याने कानशिलाकडची टोके विरळ झालेली. तिची तक्रार दुहेरी आहे : भुवया केसांशी जुळत नाहीत, आणि चित्रात त्या अर्ध्या गायब दिसतात.

प्रथम लक्ष्य ठरवावयाचे, म्हणजे केसांचा नमुना घ्यावयाचा. येथे हमखास होणारी चूक ही की माथ्यावरचा, मागच्या दिव्याने झळाळलेला केस नमुना म्हणून उचलला जातो. भुवईवर जो प्रकाश पडतो तोच ज्या केसांवर पडला आहे, असे कानशिलाजवळचे केस निवडले पाहिजेत. आपल्या चित्रात माथ्यावर तांबडा, हिरवा, निळा यांचे आकडे 158, 92, 58 असे आले, तर कानशिलाजवळ 96, 52, 36. एकाच डोक्यावरचे हे दोन नमुने, आणि त्यांतला पहिला घेऊन रंगविलेली भुवई नारिंगी दिसल्यावाचून राहणार नाही.

आता भुवईकडे वळू. काळ्या केसाचे आकडे 42, 34, 31, भोवतालच्या त्वचेचे 176, 128, 100, आणि पांढऱ्या केसाचे 150, 146, 142 असे आहेत. तिन्ही चॅनेल मिळून डोळ्यास जो उजळपणा भासतो, तो हिशेबाने त्वचेचा सुमारे 139 आणि पांढऱ्या केसाचा 147 भरतो. म्हणजे पांढरा केस त्वचेच्या तोडीचाच उजळ आहे. भुवई विरळ झाली असे वाटते त्याचे मोठे कारण हेच. केस जागेवर आहेत, ते त्वचेत विरून गेले आहेत. हे ध्यानात आले तर नवे केस रंगविण्याची घाई न करता असलेलेच केस गडद करून भुवई पुन्हा उभी करता येते, आणि ती तिचीच भुवई राहते.

त्यासाठी काळे आणि पांढरे केस वेगवेगळे निवडावे लागतात, आणि येथे चॅनेलांचा उपयोग होतो. काळा केस आणि त्वचा यांतील फरक तांबड्या चॅनेलमध्ये 134 आहे, निळ्यात केवळ 69. सबब काळ्या केसांचा मास्क तांबड्या चॅनेलवरून करावा. पांढऱ्या केसाचे उलट आहे : तांबड्यात तो त्वचेहून थोडा गडद, निळ्यात मात्र 42 आकड्यांनी उजळ, म्हणून त्याचा मास्क निळ्या चॅनेलवरून नीट निघतो. दोन्ही मास्क भुवईच्या क्षेत्रापुरते मर्यादित करून कडा अगदी अल्प मऊ कराव्यात. संपूर्ण भुवईभोवती लासो फिरवून आतले सगळे रंगविले, तर केसांमधून दिसणारी त्वचाही रंगते आणि शिक्का मारल्यासारखी भुवई तयार होते; नवख्या कामाची ओळख पटते ती बहुधा याच खुणेवरून.

मग गडदपणा, आणि शेवटी रंग, हा क्रम पाळावयाचा. Color या मिश्रणपद्धतीत वरच्या लेअरचा रंग आणि खालच्या चित्राचा उजळपणा एकत्र येतात. खालचा केस जवळजवळ काळा असेल तर त्यावर कितीही तांबूस रंग ओतला तरी दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून अधिक ओतला जातो. कानशिलावरील केसांचा उजळपणा हिशेबाने सुमारे 63 येतो, काळ्या भुवईचा 36. भुवई केसांहून किंचित गडद ठेवावयाची म्हणून Curves लेअरने काळे केस 50 च्या आसपास उचलावेत, आणि दुसऱ्या Curves लेअरने पांढरे केस 65 ते 70 पर्यंत खाली आणावेत. सर्व केस एकाच आकड्यावर आणू नयेत, कारण खऱ्या भुवईत छटांची सरमिसळ असतेच. काळे केस याहून अधिक उचलले तर सावलीतील दाणेदारपणा वर येतो; आणि उचललेल्या छटा तुटू नयेत म्हणून काम 16 बिटांच्या फाइलवर करणे इष्ट. त्यानंतर कानशिलाजवळचा नमुना Color लेअरवर घेऊन त्याची ओपॅसिटी अर्ध्याच्या आसपास ठेवली म्हणजे पुरे होते.

टोकाकडील विरळ भागात मात्र काही केस काढावेच लागतात. डोके-खांद्यांच्या मोठ्या चित्रात भुवई 800 पिक्सेल लांब असेल, तर खरा केस दोनेक पिक्सेल जाड आणि शंभराच्या आसपास लांब भरतो. ब्रश त्याच मापाचा घ्यावा, आणि तो मुळाशी जाड व शेंड्याला निमुळता उमटावा म्हणून दाब ओळखणारा पेन वापरावा. नाकाकडचे केस उभे वर जातात. मध्यभागी वरच्या कडेचे केस खाली आणि खालच्या कडेचे वर कलून एका कण्यावर मिळतात. टोकाकडे सगळे बाहेर व खाली वळतात. हा कल चुकला तर रंग आणि जाडी बिनचूक असूनही भुवई चिकटविल्यासारखी दिसते. चांगल्या भुवईची नक्कल उलटी करून दुसऱ्या बाजूस बसविण्याचा सोपा मार्ग बरेच जण घेतात. परंतु दिवा एका बाजूचा असेल तर नकलेवरील प्रकाश विरुद्ध दिशेचा निघतो, आणि दोन भुवयांतील केस न् केस जुळल्याने चेहरा मुखवट्यासारखा होतो.

तपासणीचे मार्ग साधे आहेत. चित्र टपालाच्या तिकिटाएवढे लहान करून पाहावे : नजर प्रथम भुवईवर जात असेल तर काम जास्त झाले. नंतर ते कृष्णधवल करून मूळ चित्राशेजारी ठेवावे. आपल्या उदाहरणात भुवई तांबूस झाल्याचे तेथे दिसणार नाही, परंतु पांढरे केस गडद केल्याने ती भरल्याचे निश्चित दिसेल. अर्थात वयात झालेला खरा बदल तो आहे. आणि मेंदीच्या रंगाशी जुळवून घ्या, एवढीच विनंती असता हा दुसरा बदल तिच्या अनुज्ञेत बसतो की नाही, हे तिला दोन्ही प्रती दाखवून विचारणे मला आवश्यक वाटते.

आकाराचा प्रश्न

आकाराबाबत पार्लरमधून आलेला एक नियम सर्वत्र प्रचलित आहे. नाकपुडीच्या कडेपासून सरळ वर भुवईचा आरंभ, नाकपुडीवरून बाहुलीमधून जाणाऱ्या रेषेवर कमान, आणि नाकपुडीवरून डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्यातून जाणाऱ्या रेषेवर शेवट. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दोरा धरून पाहण्यास तो ठीक आहे. छायाचित्रात मात्र चेहरा किंचित वळलेला असतो. पलीकडची भुवई दृष्टिभेदाने आखूड दिसते, आणि तिला नियमाच्या लांबीवर ओढले की कवटीचा गोलवा मोडतो.

दोन भुवयांची उंची सारखी करण्याची मागणी याहून अवघड आहे. एक भुवई वर असते ती पुष्कळदा जन्मतः नसून त्या क्षणाच्या हावभावाने, कपाळाचा स्नायू आखडल्यामुळे, वर गेलेली असते, आणि तिच्यावरील कपाळावर त्याच आखडण्याच्या आठ्या पडलेल्या असतात. Liquify ने भुवई खाली आणली आणि आठ्या तशाच राहिल्या, तर चेहऱ्यावर कारणाशिवाय कार्य उरते. पाहणाऱ्यास नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही, परंतु बिघडले आहे हे जाणवते. शिवाय भुवई हाडाच्या कडेवर बसलेली असते आणि त्या कडेची सावली पापणीवर पडते. भुवई सरकली आणि सावली न सरकली, असेही होते. या कारणांनी अनुभवी कारागीर भुवईच्या कडा स्वच्छ करणे, टोक थोडे पूर्ण करणे येथवरच थांबतात, आणि उंचीचा दोष दुसरी चांगली फ्रेम निवडून टाळतात. माझाही कौल त्यांच्याच बाजूने आहे.

काय अनिर्णित राहते

रंगाबाबत पहिल्या दोन पक्षांत तडजोड होण्याजोगी आहे, आणि प्रत्यक्षात होतही आहे; गडदपणा मूळच्या आसपास राखून छटा केसांकडे झुकविणे बहुतेकांस मान्य होते. न सुटलेला पहिला प्रश्न कलपाचा आहे. काळ्याभोर कलपाखाली पांढरी भुवई असलेल्या पुरुषाच्या चित्रात जुळवाजुळव दोन्ही दिशांनी होऊ शकते : भुवई काळी करावी, अथवा केसांचा कलप सौम्य करून भुवईकडे आणावा. दुसरा मार्ग चेहऱ्यास पुष्कळदा अधिक शोभतो, परंतु तो स्वीकारण्याची विनंती क्वचितच होते, आणि कारागिराने तो सुचवावा काय याविषयी मते विभागलेली आहेत.

दुसरा प्रश्न सामुदायिक चित्रांचा. लग्नाच्या एका चित्रात तीन पिढ्या उभ्या असतात, आणि भुवयांची ठेवण हीच कित्येकदा त्यांच्यातील रक्ताच्या नात्याची सर्वांत उघड खूण असते. वधूची भुवई चित्रात बदलली तर तिच्या आईशी व आजीशी असलेले साम्य कमी होते. सगळ्यांच्या बदलल्या तर एकाच हाताचे वळण सर्व चेहऱ्यांवर उमटते.

तिसरा प्रश्न दिवंगतांच्या तसबिरींचा असून तो सर्वांत कठीण आहे. जुन्या, पुसट झालेल्या प्रिंटवरून भिंतीवर लावण्याची तसबीर करावयाची असते, आणि उजळ भाग उडून गेल्याने भुवया जवळजवळ नाहीशा झालेल्या असतात. त्या पुन्हा काढताना कारागिरापुढे दुसरे छायाचित्र नसेल, तर आकार, दाटपणा आणि रंग या तिन्ही गोष्टी त्याला कुटुंबीयांच्या सांगण्यावरून ठरवाव्या लागतात. आणि थोरला मुलगा ऐन उमेदीतील वडील आठवीत असतो, तर धाकटी मुलगी त्यांची शेवटची वर्षे. काही स्टुडिओ अशा वेळी भुवया अस्पष्टच ठेवतात आणि तसे घरच्यांना सांगतात. काही जण बहुमताने एक रूप ठरवून ते पक्के काढून देतात. यांपैकी कोणता रिवाज रूढ व्हावा, यावर व्यवसायात अद्याप एकवाक्यता झालेली नाही.